बिल नंबर वेगळा दिसला आणि पैसे दोनदा गेले: पेमेंट सोडण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न: आमच्याकडे एकाच सप्लायरचं एकच बिल दोनदा पेड झालं. सॉफ्टवेअरमध्ये डुप्लिकेट बिल नंबरची वॉर्निंग चालू होती, तरी कळलं नाही. पार्टी, रक्कम आणि तारीख जुळवून पेमेंटच्या आधी पकडता येईल का? नेमकं कसं लावायचं?

उत्तर:

येतं. पण तुमची वॉर्निंग गप्प का राहिली हे आधी नीट समजून घ्या, कारण नवी तपासणी त्याच्यावरच उभी करायची आहे. अशी वॉर्निंग साधारणपणे दोन गोष्टी बघते: पार्टीचा कोड तोच आहे का आणि बिल नंबर अक्षरशः तोच आहे का. `SE/24-25/0187` आणि `187` ही माणसाला एकाच बिलाची दोन रूपं वाटतात, सॉफ्टवेअरला मात्र ती दोन बिलं असतात. एसएपीसारख्या मोठ्या सिस्टीममध्येही पार्टीच्या मास्टरला दुहेरी बिल तपासण्याची टिक असते, पण संदर्भ क्रमांक भरलेला असेल तर तो जसाच्या तसा जुळावा लागतो.

मी चाकणच्या एका मशीनिंग कारखान्यात सप्लायर पेमेंटचं काम बघतो. आमच्याकडे २०२५च्या फेब्रुवारीत घडलेलं प्रकरण सांगतो. तुमचं वेगळं असेल, पण बहुतेक दुहेरी पेमेंट याच वाटेने जातात असा माझा अनुभव आहे.

माल पाठवताना जीएसटीच्या नियमाप्रमाणे टॅक्स इनव्हॉइसच्या तीन प्रती निघतात. घेणाऱ्यासाठी ओरिजिनल, ट्रान्सपोर्टरसाठी डुप्लिकेट आणि पाठवणाऱ्याकडे राहते ती ट्रिप्लिकेट. ट्रकसोबत ट्रान्सपोर्टरची प्रत गेटवर येते आणि ओरिजिनल मेलने पीडीएफ होऊन अकाउंट्सकडे येते. म्हणजे एकच बिल कंपनीत दोन दारांनी शिरतं, आणि यात कुणाचीच चूक नसते. चूक पुढे होते.

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीकडून कास्टिंग आलं होतं. बिलाची तारीख १२ फेब्रुवारी, करपात्र रक्कम १,४६,२८५.४०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,७२,६१६.७८ आणि खाली २२ पैसे राउंड ऑफ होऊन एकूण १,७२,६१७ रुपये. ट्रक १४ तारखेला गेटवर आला. स्टोअरच्या मुलाने गेट इनवर्ड केलं, जीआरएन बनवला आणि ट्रान्सपोर्टरच्या प्रतीवरून बिलाची एंट्री केली: नंबर `187`, तारीख १४ फेब्रुवारी (म्हणजे इनवर्डची), रक्कम १,७२,६१७. हे बिल रीतसर पास झालं आणि २८ फेब्रुवारीच्या पेमेंट रनमध्ये पैसे गेले.

दरम्यान मेलवरची ओरिजिनल आमच्या दुसऱ्या सहकाऱ्याने घेतली. त्याने पूर्ण नंबर टाकला, १२ तारीख टाकली, राउंड ऑफ सोडून १,७२,६१६.७८ रक्कम टाकली. शिवाय त्या फाउंड्रीचे आमच्याकडे दोन कोड होते, कारण पूर्वी त्यांच्या दोन युनिट्सकडून वेगवेगळा माल यायचा. त्याने दुसरा कोड निवडला. आता इथे नीट लक्ष द्या. पीओला बिल लावायला गेल्यावर सिस्टीमने सांगितलं की पीओवर बिल लावायला शिल्लक नाही. सिस्टीमने तिच्या परीने खूण दिली होती. पण पीओची क्वांटिटी भरली असेल, नवी पीओ निघायची राहिली असेल असं समजून त्याने स्टोअरला मेल केला, "हा माल आला आहे का?" स्टोअरने खरं तेच कळवलं की आला आहे. त्या उत्तरावर बिल विदाऊट पीओ बुक झालं. पंधरा दिवसांची मुदत उलटून गेल्यामुळे ते ओव्हरड्यू दिसत होतं, म्हणून ७ मार्चला घाईने सोडलं गेलं.

१४ मार्चला फेब्रुवारीचं जीएसटीआर-२बी आलं. त्यात सप्लायरने भरलेलं बिल एकच होतं आणि आमच्या पुस्तकात दोन. जुळवणी करताना `187` हे उरलं आणि तेव्हा सगळा उलगडा झाला. सप्लायरला फोन केला तर त्याच्या लेजरला आमचे १,७२,६१६.७८ रुपये ॲडव्हान्स म्हणून पडलेले होते. पुढच्या बिलात वळते करून दिले, वाद काही झाला नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या लेजरवर ही चूक दिसत नाही. बिलं दोन बुक आहेत, पेमेंटही दोन आहेत, बाकी शून्य. रक्कम जास्त दिसते ती सप्लायरच्या लेजरला. म्हणून बॅलन्स कन्फर्मेशन मागवलं नाही किंवा २बी जुळवलं नाही तर वर्षानुवर्षं कळणार नाही. आणि २बी येतं ते पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला, तोवर पैसे गेलेले असतात.

आता तपासणीकडे येऊ. वरच्या प्रकरणात नंबर वेगळा होता, कोड वेगळा होता, तारीख वेगळी होती, रक्कमही २२ पैशांनी वेगळी होती. काहीच तंतोतंत जुळत नव्हतं, पण सगळंच जवळपास होतं. म्हणून तुम्ही म्हणता त्या तिन्ही गोष्टी घ्यायच्या, मात्र प्रत्येकीचा अर्थ थोडा बदलून.

पार्टी म्हणजे कोड धरू नका, पॅन धरा. जीएसटीआयएनमध्ये पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७) आणि त्यापुढची दहा अक्षरं पॅनची. त्यामुळे एकाच फर्मचे दोन कोड असोत किंवा दोन राज्यांतली दोन रजिस्ट्रेशन असोत, पॅनवर ती एकत्र येतात. ज्यांना जीएसटी नंबरच नाही, उदाहरणार्थ छोटा टेम्पोवाला किंवा रद्दी-किरकोळ दुरुस्तीवाला, त्यांच्यासाठी बँकेचा खाते क्रमांक धरा. पैसे शेवटी कुठल्या खात्यात जाणार हे बघणं नावापेक्षा जास्त भरवशाचं आहे.

रक्कम नेहमी बिलाची एकूण धरा, जीएसटीसकट आणि टीडीएस कापण्याआधीची. एका एंट्रीत करपात्र रक्कम आणि दुसरीत एकूण रक्कम घेतली तर १८ टक्क्यांचा फरक पडेल आणि कुठलीही वाजवी मर्यादा ते पकडणार नाही. मर्यादा किती ठेवायची यावर आम्ही बरंच डोकं घातलं. सुरुवातीला ५ टक्के ठेवली होती, तेव्हा रोज माल देणाऱ्या पार्टीचं जवळजवळ प्रत्येक बिल दुसऱ्या बिलाशी जुळायला लागलं आणि दोन आठवड्यांत लोकांनी यादी बघणंच सोडलं. आता अर्धा टक्का आहे, कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. वरची मर्यादा यासाठी की ५० लाखांच्या बिलावर अर्धा टक्का म्हणजे २५,००० रुपये होतात, आणि एवढा फरक राउंड ऑफमुळे पडत नसतो.

तारखेला १५ दिवस मागे-पुढे. सप्लायरच्या कागदावरची तारीख आणि आपल्याकडे टाकली गेलेली तारीख यात फरक पडतो तो बहुधा इनवर्ड तारखेमुळे किंवा बिल टेबलवर पडून राहिल्यामुळे. पंधरा दिवसांत ते सामावतं, आणि महिन्याच्या भाड्याची, सिक्युरिटीची, कँटीनची बिलं तीस दिवसांनी येत असल्यामुळे ती आपोआप बाहेर राहतात.

एक्सेलमध्ये हे करायला मोठं काही लागत नाही. समजा `A` मध्ये जीएसटीआयएन, `D` मध्ये बिलाची तारीख आणि `E` मध्ये एकूण रक्कम आहे. `B` मध्ये पॅन, `F` मध्ये मर्यादा आणि `G` मध्ये निकाल काढा:

```
B2: =MID(A2,3,10)
F2: =MIN(1000,MAX(10,E2*0.005))
G2: =COUNTIFS($B:$B,$B2,
     $E:$E,">="&$E2-$F2,$E:$E,"<="&$E2+$F2,
     $D:$D,">="&$D2-15,$D:$D,"<="&$D2+15)-1
```

शेवटचा `-1` यासाठी की प्रत्येक ओळ स्वतःशीही जुळते. `G` मध्ये शून्य आलं तर जोडी नाही, एक किंवा जास्त आलं तर थांबा. आमचं प्रकरण यात घालून बघा: पॅन तोच, रकमेत फरक २२ पैसे आणि मर्यादा सुमारे ८६३ रुपये, तारखेत फरक दोन दिवस. दोन्ही ओळींना `1` येतो.

`G` मध्ये `-1` किंवा `#VALUE!` दिसलं तर आनंद मानू नका. तुमच्या तारखा टेक्स्ट म्हणून आल्या आहेत आणि तपासणी चाललेलीच नाही. सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट केल्यावर हे हमखास होतं. त्याहून वाईट म्हणजे ०५/०३ ही ५ मार्च एक्सेलने ३ मे म्हणून वाचणं. तिथे कुठलीही खूण दिसत नाही, जोडी नुसती निसटते. म्हणून दर वेळी शीटच्या तळाशी एक मुद्दाम बनवलेली जोडी ठेवा, खोटा जीएसटीआयएन टाकून. तिच्यासमोर `1` आला तर गणित चालू आहे असं समजा. पण या जोडीची तारीख हाताने टाकली तर काही उपयोग नाही, ती त्याच एक्स्पोर्टच्या मार्गाने आली पाहिजे.

शीटमध्ये काय घ्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे. फक्त आजच्या पेमेंट यादीतली बिलं एकमेकांशी ताडली तर वरचं प्रकरण सुटलंच असतं, कारण पहिलं पेमेंट आठवडाभर आधी झालं होतं. आजची यादी, उघडी असलेली बाकीची बिलं आणि मागच्या किमान सहा महिन्यांत पेड झालेली बिलं, सगळं एकत्र घ्या. रिव्हर्स केलेल्या एंट्री मात्र काढून टाका, नाहीतर बिल रद्द करून पुन्हा बुक केलेली प्रत्येक पार्टी यादीत येईल. ॲडव्हान्सही याच शीटमध्ये ओळ म्हणून घाला. प्रोफॉर्मावर पूर्ण ॲडव्हान्स द्यायचा आणि पंधरा दिवसांनी खरं बिल आल्यावर तेही पूर्ण सोडायचं, हे दुहेरी पेमेंट बिलांच्या यादीत कधीच सापडत नाही, कारण तिथे बिल एकच असतं.

ही झाली यादी काढण्याची गोष्ट. माझ्या मते खरं काम यादी निघाल्यावर सुरू होतं, कारण तीत निम्म्याहून जास्त जोड्या निर्दोष असतात. ज्याच्याकडून दर दोन दिवसांनी ठरलेल्या ५०० नगांचा लॉट येतो, त्याची बिलं पैशापर्यंत सारखी असणारच. पाण्याचा टँकर, डिझेल, लेबर, सगळं तसंच. अशा वेळी "बिल नंबर वेगळा आहे" म्हणून जोडी सोडून देऊ नका. नंबर वेगळा दिसतो म्हणूनच आपण इथवर आलो आहोत. प्रश्न एकच विचारायचा: या दोन बिलांमागे माल दोनदा आला का?

त्याचं उत्तर बिलात सापडत नाही, गेटवर सापडतं. दोन बिलांना दोन वेगळे जीआरएन आणि दोन वेगळ्या गेट इनवर्ड एंट्री असतील, तर दोन्ही बिलं खरी आहेत, सोडा. दोन्हींना एकच जीआरएन असेल किंवा एकाला जीआरएन आहे आणि दुसरं विदाऊट पीओ बुक झालं आहे, तर ते दुसरं बिल जवळपास नक्की दुहेरी समजा. आमच्याकडे यादीला एक जादा रकाना आहे, ज्यात फक्त एवढंच दिसतं की बिल पीओवर आहे की विदाऊट पीओ. जोडीतलं एक पीओवर आणि दुसरं विदाऊट पीओ असेल तर ती ओळ सगळ्यात वर येते. सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट मला हीच वाटते, आणि ती करायला पाच मिनिटं लागली. "माल आला का" असं स्टोअरला विचारण्याऐवजी "या बिलाचा जीआरएन नंबर काय" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला प्रामाणिक माणूसही हो म्हणेल, आमच्या स्टोअरने म्हटलं तसं. दुसऱ्याला उत्तर देताना त्याला रजिस्टर उघडावं लागतं आणि तिथे `187` दिसतं.

सेवांच्या बिलांना जीआरएन नसतो. तिथे कामाचा कालावधी, वर्क ऑर्डरचा टप्पा किंवा सही केलेली हजेरी बघा. दोन बिलांवर एकच कालावधी असेल तर थांबवा.

सप्लायर ई-इनव्हॉइस काढत असेल (उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्यांना १ ऑगस्ट २०२३पासून ते काढावं लागतं) तर तुमचं काम सोपं आहे. प्रत्येक बिलाला ६४ अक्षरांचा आयआरएन असतो. कागदावरची प्रत, पीडीएफ, पुन्हा पाठवलेली प्रत, सगळ्यांवर तो एकच. एंट्री करतानाच क्यूआर कोड स्कॅन करून तो साठवला, तर पुन्हा तोच आला की एंट्रीच थांबवता येते, तिथे माणसाच्या निर्णयाची गरज नाही. बाकीच्या जोड्या मात्र आपोआप अडवू नका, फक्त समोर आणा. लहान सप्लायर ई-इनव्हॉइसच्या कक्षेत नसतात आणि घोळ बहुधा त्यांच्याच बिलांत होतात, म्हणून आयआरएन आहे म्हणून वरची तपासणी सोडून देऊ नका.

पंधरा दिवसांच्या खिडकीतून एक प्रकार निसटतो. सप्लायर दोन-तीन महिन्यांनी जुन्या बिलांची यादी पाठवून तगादा लावतो, आपल्याकडे कुणीतरी ती प्रत नव्याने घेतं आणि एंट्री करताना आजची तारीख टाकतं. त्यासाठी खिडकी वाढवायची नाही, वेगळी दुसरी चाळणी लावायची: पॅन तोच, रक्कम पैशापर्यंत तीच किंवा राउंड ऑफ इतकाच फरक, आणि तारखेला पूर्ण वर्षाची मोकळीक. मात्र यातून गोल रकमा वगळा. २५,००० रुपये वर्षात बारा वेळा आले तर ते भाडं असेल. १,७२,६१६.७८ वर्षात दोनदा आले तर योगायोग असण्याची शक्यता फार थोडी, कारण कास्टिंगचं वजन दर खेपेला वेगळं भरतं. ठरलेल्या लॉटवाल्या पार्टी इथेही त्रास देतील, त्यांची वेगळी यादी करून त्यांना फक्त जीआरएनवर तपासा.

बिल नंबर साफ करून जुळवण्याचा मोह होतो, म्हणजे तिरप्या रेषा, डॅश, सुरुवातीची शून्यं काढून उरलेले अंक ताडायचे. करा, पण आधार म्हणून. नियमाप्रमाणे नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षापुरता वेगळा असावा लागतो, त्यामुळे पुढच्या वर्षी तोच १८७ पुन्हा येणं कायदेशीर आहे. आणि `0187/24-25` मधले अंक सरसकट गोळा केले तर `01872425` होतं, जे `187` शी कधीच जुळणार नाही.

जोडी कोणी मोकळी करायची हे लिहून ठरवा. ज्याने बिल टाकलं त्याने नाही. आमच्याकडे दुसरी व्यक्ती दोन्ही बिलांच्या प्रती शेजारी उघडते आणि एका ओळीत कारण लिहिते, "जीआरएन वेगळे, इनवर्ड अमुक आणि तमुक" इतकं पुरतं. नुसतं "ओके" चालत नाही, कारण सहा महिन्यांनी ऑडिटरने विचारलं तर ओकेचा अर्थ कुणालाच आठवत नाही.

आणि थांबवायचं ते फक्त जोडीतलं नंतर आलेलं बिल, त्या पार्टीचं सगळं पेमेंट नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कराराने मुदत ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. त्या फाउंड्रीसारख्या पार्टीचं निर्दोष बिल संशयावरून आठवडाभर अडकवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, त्यांना शनिवारी कामगारांचा पगार करायचा असतो. आम्ही यादी पेमेंटच्या आदल्या सकाळी काढतो, म्हणजे गेट रजिस्टर बघायला एक पूर्ण दिवस मिळतो आणि खरी बिलं ठरलेल्या दिवशीच जातात.

या सगळ्यातून मुद्दाम केलेली फसवणूक पकडली जाईल असं धरू नका. ज्याला ही मर्यादा माहीत आहे तो रक्कम दोन हजारांनी बदलेल किंवा एका बिलाची दोन बिलं करेल, आणि दोन्ही चाळण्यांतून सुटेल. तिथेही जीआरएन विचारणं उपयोगी पडतं, पण विदाऊट पीओ बिलांवर कडक मंजुरी नसेल तर तेही पुरत नाही.

तुमचं प्रकरण ताजं आहे तर आज एवढं करा: मागच्या दोन वर्षांची पेड बिलं याच शीटमध्ये टाका आणि विदाऊट पीओवाल्या जोड्या आधी बघा. ज्या पार्टीची जोडी सापडेल तिच्याकडून लेजर मागवा. तुमचे पैसे तिथे ॲडव्हान्स म्हणून पडलेले असतील तर पुढच्या बिलात वळते करून घेता येतात, आणि दुसऱ्या एंट्रीवर इनपुट क्रेडिट घेतलं गेलं असेल तर तेही उलटवावं लागेल. तो भाग तुमच्या सीएला विचारून करा, कारण व्याज लागेल की नाही हे ते क्रेडिट वापरलं गेलं का यावर ठरतं.